अदृश्य साक्षीदाराचं उत्तर

समजा, खरेदी विभागाचा प्रमुख हिशेब विभागातल्या सहकाऱ्याला मेल लिहितो: ‘आपल्याला माहीतच आहे, पुरवठादारांची बिलं तीन आठवडे अडकली आहेत. कारण कळवावं.’ ‘टू’मध्ये एकच नाव, ‘सीसी’ रिकामं. थोड्या वेळाने त्याच मेलवर थेट संचालकांचं उत्तर येतं: ‘कारण मलाही हवंय.’ हिशेबवाला चक्रावतो. साहेब मध्येच कुठून उपटले?

साहेब ‘बीसीसी’त होते आणि त्यांनी घाईत ‘रिप्लाय ऑल’ दाबलं. ‘बीसीसी’तलं नाव बाकीच्यांना जाणाऱ्या प्रतीत नसतं, पण त्या माणसाला ‘टू’ आणि ‘सीसी’ पूर्ण दिसतात, त्यामुळे त्याचं उत्तर सगळ्यांकडे जातं. ‘बीसीसी’त आणखी कुणी असेल तर त्याला मात्र हे उत्तर मिळत नाही. म्हणजे एक साक्षीदार उघडा पडला, तरी बाकीचे किती, हे कळत नाहीच.

अशा मेलचा स्क्रीनशॉट फिरतो तेव्हा हसू साहेबांचं होतं. उघडा पडतो तो खरेदीवाला. आता त्याचा मेल पुन्हा वाचा. बिलं तीन आठवडे अडकलीत हे हिशेबवाल्याला ठाऊकच होतं, मग ते लिहिलं कुणासाठी? प्रश्न एकाला होता, तक्रार दुसऱ्याकडे. साहेबांना ‘सीसी’त घेतलं असतं तर तो उघड दबाव ठरला असता, आणि हिशेबवाल्यानेही साहेबांसमोरच आपली बाजू मांडली असती. ती संधी त्याला द्यायची नव्हती. (मुरलेले लोक ‘बीसीसी’च्या वाटेला जात नाहीत. पाठवलेला मेल ते नंतर साहेबांना वेगळा फॉरवर्ड करतात. त्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडेच येतं.)

पण यादीत नसलेल्याचं उत्तर आलं म्हणजे ‘बीसीसी’च, असं नाही. ‘टू’मध्ये ‘अकाउंट्स टीम’सारखा सामायिक पत्ता असेल, तर त्यामागे पंधरा माणसं असू शकतात आणि संचालकही त्यांतलेच एक असतील. आरोप करण्याआधी त्या पत्त्यामागे कोण कोण आहे, हे आयटीवाल्यांना विचारावं.

मेल ज्या पडद्यावरून टिपला, त्याचाही माग स्क्रीनशॉटमध्ये राहतो. ‘बीसीसी’ची अख्खी यादी फक्त पाठवणाऱ्याच्या ‘सेंट’मध्ये दिसते. जीमेलमध्ये तपशील उघडला आणि ‘bcc: me’ दिसलं, तर तो पडदा लपवलेल्या वाचकाचा. म्हणून फिरणाऱ्या चित्रात चार लपलेली नावं एकत्र दिसली, तर ते बहुधा खुद्द खरेदीवाल्याच्या मेलबॉक्समधून निघालेलं असतं. त्याचा मेल हाताळणारा सहायक कोण, ही चौकशी मग सुरू होते. अर्थात चित्रात खाडाखोड केलेली नसेल तर.