बोट सुजले, नखांना खड्डे पडले: सोरायसिसच्या संधिवाताबद्दल गैरसमज आणि वस्तुस्थिती

चाळिशीतल्या एका माणसाचे उदाहरण घेऊ. दोन महिने त्याच्या पायाचे चौथे बोट सुजलेले आहे. युरिक अ‍ॅसिड थोडे वाढलेले, आरए फॅक्टर निगेटिव्ह, एक्स-रे नॉर्मल. गाऊटच्या गोळ्या झाल्या, नखांसाठी बुरशीचे औषधही झाले. गुण कशाचाच नाही.

गैरसमज : युरिक अ‍ॅसिड वाढले, म्हणजे गाऊटच.
वस्तुस्थिती : गाऊटचा झटका सहसा एका रात्रीत येतो आणि एक-दोन आठवड्यांत ओसरतो. या माणसाचे बोट मात्र मुळापासून टोकापर्यंत सारखेच सुजले आहे आणि सूज हटत नाही. सांध्याबरोबर कंडरेचे आवरणही सुजले की असे होते. याला डॅक्टिलायटिस म्हणतात. सोरायसिसमध्येही युरिक अ‍ॅसिड वाढू शकते, म्हणून नुसत्या आकड्यावरून निदान करू नये.

गैरसमज : नखे खराब झाली, म्हणजे बुरशीच.
वस्तुस्थिती : नखांवर बारीक खड्डे, नखाखाली तेलाच्या थेंबासारखा पिवळट-तांबूस डाग आणि टोकाकडून सुटत चाललेले नख ही सोरायसिसची लक्षणे असू शकतात. बोटाच्या शेवटच्या सांध्यावरून येणारी कंडरा नखाच्या मुळाशी जोडलेली असते, म्हणून नख आणि सांधा अनेकदा एकत्रच बिघडतात. बुरशीची शंका असल्यास नखाचा तुकडा तपासून घ्यावा. टाळू, कानामागची जागा आणि बेंबीही पाहावी, कारण चट्टे तिथे लपलेले असतात. काही रुग्णांत तर सांधे आधी दुखतात आणि चट्टे नंतर उमटतात.

गैरसमज : आरए निगेटिव्ह, एक्स-रे नॉर्मल, म्हणजे संधिवात नाही.
वस्तुस्थिती : सोरायसिसच्या संधिवातात आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच असतो आणि सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ दिसतो. तेव्हा सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये सूज सापडू शकते. पुढे एक्स-रेत हाड झिजलेले आणि त्याच्या लगतच नवे हाड वाढलेले दिसते. फार उशीर झाला तर एका हाडाचे टोक पेन्सिलसारखे निमुळते होऊन समोरच्या वाटीसारख्या झालेल्या हाडात रुतते. ही झीज भरून येत नाही.

गैरसमज : स्टेरॉइडच्या गोळीने आराम पडतो, मग तीच चालू ठेवावी.
वस्तुस्थिती : ही गोळी बंद करताना त्वचेचा सोरायसिस उसळू शकतो. हातापायांच्या सांध्यांसाठी बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. रक्त आणि यकृताच्या तपासण्याही ठरावीक काळाने कराव्या लागतात. मणक्याच्या दुखण्यावर मात्र ते चालत नाही; तिथे वेदनाशामक पुरे पडले नाहीत तर बायोलॉजिक इंजेक्शने लागतात. ती सुरू करण्याआधी छुप्या क्षयाची तपासणी करून घ्यावी.

आपल्या उदाहरणातल्या माणसाने संधिवाततज्ज्ञाला सुजलेल्या बोटाबरोबर नखेही दाखवावीत आणि घरात कुणाला सोरायसिस आहे का, तेही सांगावे. निदानाचा धागा बहुधा तिथेच सापडतो.