विल्डरचे १४ म्हणजे इतरांचे २७

चार्टवर आरएसआय लावला की शेजारी १४ हा आकडा आपोआप येतो. एटीआर लावला तरी १४च. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की १४ म्हणजे १४ दिवसांची सरासरी, यापलीकडे कोणी विचार करत नाही. मग कधीतरी तोच शेअर दोन ठिकाणी पाहिला जातो. एका अ‍ॅपवर आरएसआय ५९ दिसतो, स्वतः एक्सेलमध्ये काढलेला ६५ निघतो आणि दोन्हीकडे १४च लिहिलेलं असतं. पहिला संशय भावांवर जातो. माणूस बंद भाव एकेक करून ताडून पाहतो, आणि बहुतेक वेळा भाव चोख निघतात. गोम असते ती सरासरी काढण्याच्या रीतीत.

ही रीत जे. वेल्स विल्डर या अमेरिकन माणसाची. शिक्षणाने तो मेकॅनिकल इंजिनिअर होता. १९७८ साली त्याने एक पुस्तक काढलं आणि त्या एकाच पुस्तकातून आरएसआय, एटीआर, एडीएक्स आणि पॅराबॉलिक एसएआर अशी चार हत्यारं बाजाराला मिळाली. तेव्हा असे हिशेब कागदावर रकाने आखून, कॅल्क्युलेटर घेऊन करावे लागत. साध्या सरासरीत रोज चौदा आकडे हाताशी ठेवावे लागतात, सर्वांत जुना काढायचा आणि नवा घालायचा. विल्डरने हे टाळलं. पहिल्या चौदा दिवसांची साधी सरासरी एकदाच काढायची आणि पुढे रोज एवढंच करायचं: कालच्या सरासरीला १३ने गुणा, आजचा आकडा मिळवा, १४ने भागा. कालचा एक आकडा लक्षात असला की काम भागतं.

म्हणजे नव्या सरासरीत आजच्या आकड्याचा वाटा १४मध्ये १ असतो. टक्क्यांत ७.१४.

आता बाजारात सर्रास वापरतात ती एक्स्पोनेन्शियल सरासरी, म्हणजे ईएमए, घ्या. तिची चालही नेमकी हीच आहे: कालची सरासरी घ्यायची आणि आजच्या आकड्याकडे थोडी सरकवायची. पण किती सरकवायची याचा नियम वेगळा. ईएमएमध्ये आजच्या आकड्याचा वाटा दोन भागिले दिवस अधिक एक असा ठरतो. १४ दिवसांसाठी २ भागिले १५, म्हणजे १३.३३ टक्के. विल्डरच्या जवळजवळ दुप्पट.

हा ‘दोन’ कुठून आला, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. १४ दिवसांच्या साध्या सरासरीत आजचा आकडा शून्य दिवसांचा आणि सर्वांत जुना १३ दिवसांचा असतो, म्हणून आकड्यांचं सरासरी वय साडेसहा दिवस. ईएमएमध्ये कोणताच जुना आकडा पूर्णपणे बाहेर पडत नाही, त्याचा वाटा फक्त घटत जातो. तरीही वाट्यांनुसार सरासरी वय काढता येतं. आजचा वाटा २ भागिले १५ ठेवला तर ते वयही बरोबर साडेसहा दिवस येतं. म्हणजे ‘१४ दिवसांचा ईएमए’ या नावाला अर्थ आहे: १४ दिवसांच्या साध्या सरासरीइतकीच जुनी माहिती तो दाखवतो. विल्डरच्या रीतीत मात्र हे वय १३ दिवस भरतं. साध्या सरासरीत १३ दिवस वय हवं असेल तर २७ दिवस घ्यावे लागतात. म्हणून विल्डरचे १४ हे ईएमएच्या हिशेबाने २७ होतात. विल्डरची लांबी n आणि ईएमएची N धरली, तर दोन्हींतला आजचा वाटा सारखा ठेवून हे सूत्र मिळतं:

```
1/n = 2/(N+1)
N = 2n - 1
n = (N+1)/2
```

त्यामुळे विल्डरचे ७ म्हणजे ईएमएचे १३, १० म्हणजे १९, २० म्हणजे ३९. ‘दुप्पट करा’ एवढंच लक्षात ठेवून २८ घालणारे बरेच भेटतात. चूक छोटी आहे, पण आकडे तंतोतंत जुळत नाहीत ते नाहीतच. उलट दिशेने एक अडचण येते. १४चा ईएमए विल्डरच्या भाषेत साडेसात होतो, आणि बहुतेक सॉफ्टवेअर लांबीच्या चौकटीत अपूर्णांक घेत नाहीत. ईएमएची लांबी विषम असेल तरच विल्डरची पूर्णांकात येते.

प्रत्यक्ष फरक केवढा पडतो ते एका बनवलेल्या उदाहरणात पाहू. एका शेअरचा एटीआर बरेच दिवस २० रुपयांवर स्थिर आहे. काल भाव १००० रुपयांवर बंद झाला. रात्री कंपनीचे निकाल आले, आज भाव वरच उघडला. नीचांक १०३०, उच्चांक १०६२. दिवसाची चढउतार दिसायला ३२ रुपयांची, पण ट्रू रेंज कालच्या बंद भावापासूनची उडीही धरते, म्हणून ती ६२ रुपये. विल्डरच्या रीतीने २० गुणिले १३ म्हणजे २६०, अधिक ६२ म्हणजे ३२२, भागिले १४ : नवा एटीआर २३ रुपये. १४च्या ईएमएने हाच एटीआर २५ रुपये ६० पैसे होतो. २७च्या ईएमएने काढून पाहा, पुन्हा बरोबर २३. एटीआरच्या दुप्पट अंतरावर स्टॉपलॉस लावणाऱ्याचं अंतर एका रीतीने ४६ रुपये आणि दुसरीने ५१ रुपये २० पैसे येईल.

याच्या पुढची गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. त्यानंतर रोजची ट्रू रेंज पुन्हा २० रुपयेच राहिली असं समजा. ईएमए जितक्या जोरात वर गेला तितक्याच घाईने खाली येतो. नवव्या दिवशी दोन्ही एटीआर २१ रुपये ५४ पैशांच्या आसपास भेटतात आणि तिथून पुढे विल्डरचा आकडा मोठा राहतो. विसाव्या दिवशी निकालांच्या त्या उडीचे विल्डरच्या एटीआरमध्ये अजून ६८ पैसे शिल्लक असतात, ईएमएमध्ये ३२. म्हणून ‘ईएमएवाला एटीआर मोठा येतो’ हे सरसकट विधान चुकीचं आहे. धक्क्यानंतर आधी तो मोठा असतो, नंतर लहान.

आरएसआयमध्ये हाच फरक जास्त महागात पडतो, कारण तिथे ७० आणि ३० या ठरलेल्या रेषा आहेत. चढत्या दिवसांच्या वाढीची सरासरी ३ रुपये आणि उतरत्या दिवसांच्या घसरणीचीही ३, म्हणजे आरएसआय ५०. मग भाव सलग दोन दिवस १७-१७ रुपयांनी वाढला. पहिल्या दिवशी विल्डरच्या रीतीने आरएसआय ५९ आणि १४च्या ईएमएने ६५. लेखाच्या सुरुवातीचे आकडे ते हेच. दुसऱ्या दिवशी विल्डरचा ६५.६ होतो, ईएमएचा ७४.२. एकाच्या चार्टवर शेअर ओव्हरबॉट झाला, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त चढला. दुसऱ्याच्या चार्टवर तो अजून वाटेत आहे.

इथेच एक सापळा आहे. २७चं गणित कळल्यावर काही उत्साही लोक अ‍ॅपच्या आरएसआयमध्येच १४ खोडून २७ घालतात. बहुतेक चार्टिंग अ‍ॅपमधला आरएसआय आधीच विल्डरच्या रीतीचा असतो. तिथे २७ घातले की ते ईएमएचे ५३ झाले, आणि आधीच संथ असलेला आरएसआय पन्नाशीच्या आसपास रेंगाळत बसतो. रूपांतर फक्त तिथेच करायचं, जिथे तुम्ही स्वतः ईएमएचं साधन वापरून विल्डरचा हिशेब उभा करता. पायथॉनच्या पांडासमध्ये या दोन ओळींची चाल एकच आहे:

```python
tr.ewm(alpha=1/14, adjust=False).mean()
tr.ewm(span=27, adjust=False).mean()
```

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे `span=14`. ट्रेडिंगव्ह्यूवर विल्डरच्या सरासरीला `ta.rma` आणि नेहमीच्या ईएमएला `ta.ema` अशी वेगळी नावं आहेत. तिथला एटीआर मुळात पहिली वापरतो, पण यादीतून दुसरी निवडता येते. मेटाट्रेडरच्या मूळ एटीआरमध्ये तर साधी सरासरी आहे. सुपरट्रेंड लावणाऱ्यांनी हे विशेष पाहावं, कारण तो एटीआरवरच उभा असतो आणि एटीआरची रीत बदलली की त्याची खरेदी-विक्रीची खूण एखादा दिवस मागेपुढे सरकू शकते.

आपल्या सॉफ्टवेअरच्या पोटात कोणती रीत आहे हे माहितीपत्रक न शोधताही कळतं. ज्या दिवशी शेअरने मोठी उडी घेतली तो दिवस निवडा. आजच्या एटीआरमधून कालचा वजा करा. आजच्या ट्रू रेंजमधूनही कालचा एटीआर वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. आपल्या उदाहरणात ३ भागिले ४२ म्हणजे ०.०७१, तर ती विल्डरची रीत, ५.६ भागिले ४२ म्हणजे ०.१३३ आलं, तर १४चा ईएमए. आणखी एखाद्या दिवशी तेच करून पाहा. दर वेळी वेगळंच काही येत असेल तर साधी सरासरी आहे असं समजायला हरकत नाही. पैशांपर्यंतचे आकडे घ्या, रुपयांत पूर्ण केलेल्या आकड्यांनी हा हिशेब फसतो.

एवढं करूनही आकडे जुळले नाहीत तर सुरुवात तपासा. सूत्राने रोजचा वाटा जुळतो, पहिला आकडा जुळत नाही. विल्डर पहिल्या चौदा दिवसांच्या साध्या सरासरीपासून निघतो. वरच्या पांडासच्या ओळी अगदी पहिल्या दिवसाच्या आकड्यापासून निघतात. काही सॉफ्टवेअर २७चा ईएमए पहिल्या २७ दिवसांच्या सरासरीपासून सुरू करतात. आणि विल्डरच्या संथ रीतीत हा पहिला आकडा लवकर पुसला जात नाही. १४ दिवसांनीही त्याचा ३५ टक्के वाटा उरतो, तो एक टक्क्याखाली जायला ६३ दिवस लागतात. तीनच महिन्यांचे भाव उतरवून घेतले तर बाजाराचे साठेक दिवस भरतात, आणि आरएसआय दशांशात का चुकतो ते शोधण्यात संध्याकाळ जाते. सहा-आठ महिन्यांचे भाव घ्या आणि सुरुवातीचे चार महिने निकालात धरू नका.

राहिला प्रश्न कोणती रीत वापरायची. ईएमए लवकर हलतो म्हणून तो अधिक चांगला, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ७० आणि ३० या रेषा विल्डरने त्याच्या स्वतःच्या संथ सरासरीसाठी आखल्या होत्या. सरासरी चपळ केली आणि रेषा तिथेच ठेवल्या, तर खुणा जास्त मिळतील एवढंच. कोणाला चपळ आरएसआय हवाच असेल तर त्याने विल्डरची रीत ठेवून लांबी कमी करावी, आणि त्या लांबीला कोणत्या रेषा शोभतात हे जुन्या भावांवर पडताळून घ्यावं. आणि कोणी आपल्या पद्धतीचे निकाल दाखवत ‘आरएसआय १४’ एवढंच सांगितलं, तर पैसे लावण्याआधी विचारा: विल्डरचे १४ की ईएमएचे?