मालेचे गोडे पाणी

४ डिसेंबर २०१४ रोजी मालदीवची राजधानी माले येथे पाणीपुरवठा कंपनीच्या आवारात आग लागली आणि शहराचे नळ कोरडे पडले. माणसे दगावली नाहीत, इमारत कोसळली नाही. जळाल्या त्या समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रांना वीज पुरवणाऱ्या केबल. पण मालेत नदी नाही, तलाव नाही, धरण नाही. पिण्याजोग्या विहिरीही उरलेल्या नाहीत. सुमारे एक लाख लोकांची तहान त्या एका कारखान्यावर भागत होती.

दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाची विमाने बाटलीबंद पाणी घेऊन उतरली. ‘आयएनएस सुकन्या’ ही नौदलाची नौका कोचीच्या बाजूने माले बंदराकडे वळवण्यात आली आणि मुंबईहून ‘आयएनएस दीपक’ हे मोठे जहाज सुमारे हजार टन पाणी घेऊन निघाले. श्रीलंका आणि चीननेही पाणी पाठवले. आता जरा हिशेब मांडू. हजार टन म्हणजे दहा लाख लिटर, म्हणजे एक लाख लोकांना माणशी दहा लिटर. ‘सुकन्या’वरची यंत्रे समुद्राच्या पाण्यापासून रोज सुमारे वीस टन गोडे पाणी करू शकत होती. ते माणशी एक पेलाभर होते. शेजाऱ्यांनी तत्परतेने, मनापासून मदत केली. पण शहराची रोजची गरज जहाजांनी भागवता येत नाही, हे त्या दिवसांत उघड झाले.

मालदीवचे नाव निघाले की हा देश बुडणार, एवढेच आपण ऐकतो. जमीन पाण्याखाली जाण्याच्या पुष्कळ आधी अशा बेटावर राहणे अवघड होते, आणि त्याची सुरुवात पिण्याच्या पाण्यापासून होते. संयुक्त राष्ट्रांनी ज्यांना ‘लहान बेटांचे विकसनशील देश’ या गटात धरले आहे, त्यांच्या अडचणींची यादी नेहमी तुकड्यातुकड्यांनी सांगितली जाते : जमीन थोडी, इंधन आयातीचे, वादळे, चढता समुद्र. मालदीवमध्ये या सगळ्या अडचणी घरच्या नळाशी एकत्र येतात.

मालदीवची सुमारे बाराशे बेटे दक्षिणोत्तर आठशे किलोमीटरहून अधिक पट्ट्यात विखुरली आहेत. सगळी जमीन एकत्र केली तरी ती जेमतेम तीनशे चौरस किलोमीटर भरते, म्हणजे मुंबईपेक्षा कमी. वस्ती दोनशेहून कमी बेटांवर आहे. ही बेटे डोंगरांची नव्हेत. प्रवाळाच्या चुऱ्याची आणि वाळूची ती बनलेली आहेत, आणि देशाची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून मीटरभरही उंच नाही.

अशा बेटावर पडलेले पावसाचे पाणी वाहून जात नाही, वाळूत मुरते. खाली वाळूत समुद्राचे खारे पाणी असतेच. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, त्यामुळे दुधावर साय धरावी तसा गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत राहतो. बेटाच्या मध्यभागी तो जाड असतो आणि किनाऱ्याकडे पातळ होत जातो. दोन्ही पाण्यांच्या घनतेतला फरक इतका थोडा आहे की समुद्रपातळीच्या वर हा थर एक सेंटिमीटर असला, तर तत्त्वतः खाली सुमारे चाळीस सेंटिमीटर गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ घातक आहे. उपसा वाढवून वरची पातळी एक सेंटिमीटरने उतरवली, की खालून खारे पाणी चाळीस सेंटिमीटर वर सरकते. विहिरीत पाणी तेवढेच दिसते. फरक आधी जिभेला कळतो : पाणी मचूळ लागते, डाळ शिजेनाशी होते, साबणाला फेस येत नाही.

मालेत नेमके हेच झाले. माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे. वस्ती वाढली तसा उपसा वाढला, आणि त्याच वाळूत शौचालयांचे पाणी मुरत राहिले. १९७८ मध्ये तेथे कॉलऱ्याची साथ आली. १९८८ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारे पहिले संयंत्र बसले आणि त्यानंतर शहर हळूहळू पूर्णपणे यंत्राच्या पाण्यावर आले.

हे यंत्र म्हणजे मुख्यतः एक ताकदवान पंप असतो. तो समुद्राचे पाणी प्रचंड दाबाने अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून ढकलतो. पाणी पार होते, मीठ मागे राहते. हजार लिटर गोडे पाणी करायला साधारण तीन ते पाच युनिट वीज लागते. मालदीवमध्ये वीज मुख्यतः डिझेलवर होते, आणि एक लिटर डिझेलपासून चांगले जनरेटर साधारण साडेतीन ते चार युनिट देते. म्हणजे हजार लिटर पाण्यामागे सुमारे एक लिटर डिझेल जळते. माणशी रोज शंभर लिटर धरले, तर लाखभर वस्तीच्या शहराला रोज एक कोटी लिटर पाणी लागेल आणि त्यासाठी दहा हजार लिटरच्या आसपास डिझेल. हा नुसता गोडे करण्याचा खर्च आहे. ते पाणी इमारतींच्या वरच्या मजल्यांवर चढवण्याची वीज वेगळी. मालदीवमध्ये तेलाचा थेंबही निघत नाही, सगळे परदेशातून जहाजाने येते. म्हणून जगात तेल महागले की तेथे पाणीही महाग पडते. सरकारने त्याची झळ घरोघरी पोचू दिली नाही, तर तो बोजा सरकारी तिजोरीवर बसतो.

शिवाय देशात एकच विद्युतजाळे नाही. वस्तीच्या बहुतेक बेटांचे आपापले जनरेटर, आपापल्या तेलाच्या टाक्या. एका बेटावरची जादा वीज सहसा दुसऱ्याला देता येत नाही. मोठ्या बेटांहून तेल पुन्हा लहान बोटींत भरून दूरच्या बेटांवर न्यायचे, आणि समुद्र खवळला की बोट थांबते.

मग सौरऊर्जा का नाही, असे कोणीही विचारील. ऊन तर भरपूर आहे. आशियाई विकास बँकेच्या मदतीने दूरच्या अनेक बेटांवर सौर पॅनेल, बॅटरी आणि डिझेल यांची जोडणी केली गेली आहे, आणि डिझेलचा वापर त्यामुळे खरोखर घटतो. पण एक मेगावॅटच्या पॅनेलना साधारण एक हेक्टर जागा लागते. मालेत हेक्टरभर मोकळी जमीन कोठून आणायची? छपरे आहेत, पण इमारती एकमेकींना खेटून, आणि छपरांवर टाक्या व यंत्रे. दुसरी अडचण जनरेटरची आहे. डिझेल जनरेटर फार कमी भारावर चालवला तर इंधन नीट जळत नाही आणि यंत्र काजळीने खराब होते. ढग आला की सौरवीज क्षणात घसरते, म्हणून तो बंदही करता येत नाही. बॅटरी मध्ये असल्याशिवाय हे दोघे एकत्र नांदत नाहीत, आणि खर्च तिचाच मोठा. तरीही माझ्या मते मालदीवने भिंतींपेक्षा आधी बॅटरीवर पैसा घालावा, कारण तेलाचे बिल दर महिन्याला भरावे लागते.

वादळांच्या बाबतीत मालदीव विषुववृत्ताजवळ असल्याने थोडा सुदैवी आहे. चक्रीवादळ तेथे क्वचितच थेट आदळते. कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका या सत्तर हजार वस्तीच्या देशावर सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ आदळले, तेव्हा नुकसान देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त निघाले. मोठ्या देशात एखादा जिल्हा उद्ध्वस्त झाला तर बाकीचा देश त्याला उभा करतो. डोमिनिकात उभे करायला ‘बाकीचा देश’ उरला नव्हता. मालदीववरचे संकट वेगळ्या वाटेने येते. हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या महासागरात वादळ होते, त्याच्या लांबलचक लाटा प्रवास करत येतात आणि भरतीच्या वेळी बेटावर चढतात. वर आकाश निरभ्र असू शकते. एप्रिल १९८७ मध्ये अशाच लाटांनी माले जलमय केले, आणि त्याच वर्षी अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत चढत्या समुद्राचा प्रश्न मांडला. मे २००७ मध्ये पुन्हा अनेक बेटांवर पाणी शिरले.

लाट ओसरते तेव्हा घरे उभी दिसतात. पण बेटावर साचलेले समुद्राचे पाणी वरून वाळूत मुरते आणि तो गोड्या पाण्याचा थर वरूनच खारट होतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हे मोठ्या प्रमाणावर घडले. शंभराहून अधिक माणसे गेली किंवा बेपत्ता झाली, आणि कित्येक बेटांच्या विहिरी खारावल्या. असा थर पावसाने पुन्हा धुऊन निघायला महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. समुद्र जसजसा चढेल, तसतशी पूर्वी किनाऱ्यावर फुटणारी लाट आत शिरेल. दोन लाटांमधले अंतर थर पुन्हा गोडा व्हायला पुरेनासे झाले, की ते बेट पाण्याबाहेर असूनही तेथील विहीर कायमची गेली. समुद्रपातळी आज जगभर सरासरी वर्षाला सुमारे चार मिलिमीटर चढते आहे आणि हा वेग वाढतो आहे.

त्सुनामीनंतर अनेक कुटुंबांना पावसाचे पाणी साठवायला अडीच हजार लिटरच्या टाक्या दिल्या गेल्या. सहा माणसांच्या घरात पिण्यास आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले, तर भरलेली टाकी सुमारे त्र्याऐंशी दिवस चालते. कोरडा हंगाम जानेवारी ते एप्रिल. म्हणजे शेवटचे काही आठवडे टाकीचा तळ दिसतो आणि पाण्याच्या बोटीची वाट पाहावी लागते. अडीचाऐवजी चार हजार लिटरची टाकी हा उपाय साधा वाटतो, पण टाकी ठेवायला आणि पुरेसे पाणी गोळा करायला अंगण आणि छप्परही तेवढे हवे.

मालेभोवती जपानच्या मदतीने काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांची तटबंदी उभी राहिली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर असतात तसेच ठोकळे. शेजारी हुलहुमाले हे बेट १९९७ पासून खाडीच्या तळाची वाळू उपसून, भराव घालून बनवले गेले. ते सुमारे दोन मीटर उंच आहे. लोकांना जागा मिळाली, हे खरेच. पण प्रवाळाचे बेट जिवंत असते. प्रवाळ मोडून वाळू होते, लाटा ती किनाऱ्यावर आणून टाकतात, आणि काही बेटे समुद्र चढत असतानाही आपली जागा सावरताना संशोधकांना दिसली आहेत. चहूबाजूंनी भिंत घातली की वाळू येणे थांबते. पुढे बेट उंच करायचे तर माणसानेच, यंत्रानेच करायचे. त्यात १९९८ आणि २०१६ च्या उष्ण समुद्राने मालदीवचे पुष्कळ प्रवाळ पांढरे पाडले आणि मारले. समुद्र तापत राहिला तर वाळू तयार करणारा स्रोतच आटेल. म्हणून दूरच्या, कमी वस्तीच्या बेटांवर सरसकट भिंती बांधण्याची घाई मला चुकीची वाटते. तेथे आधी प्रवाळ आणि किनाऱ्यावरची झाडे राखणे स्वस्तही आहे आणि टिकाऊही.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि पैशाचे नियम या देशांसाठी बनलेले नाहीत. २० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मालदीवला सर्वांत मागास देशांच्या यादीतून वर काढण्याचा निर्णय घेतला. सहाच दिवसांनी त्सुनामी आली, आणि देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रकमेचे नुकसान झाले. बढती पुढे ढकलली गेली, ती २०११ मध्ये झाली. पर्यटनामुळे माणशी उत्पन्न चांगले दिसते, म्हणून सवलतीचे कर्ज मिळणे अवघड होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने उत्पन्नाऐवजी धोका मोजणाऱ्या निर्देशांकाची चौकट मान्य केली. कर्ज देणाऱ्या बँकांवर मात्र तो वापरण्याचे बंधन नाही.