गुरुजी शाळेत नाहीत, म्हणजे नेमके कुठे?

जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरीपटाच्या शेजारी आणखी एक वही असते, हालचाल रजिस्टर. शिक्षक शाळेच्या वेळेत बाहेर पडला की त्याने तारीख, वेळ, जाण्याचे ठिकाण आणि कारण त्यात लिहून सही करायची असते. ही वही उघडून चार-पाच पाने चाळली की नोंदी साधारण अशा दिसतात: ‘पं. स. कार्यालय, यू-डायस माहिती देणे’, ‘तालुका प्रशिक्षण’, ‘बँक, पोषण आहार खाते’, ‘बीएलओ बैठक, तहसील’. मधेच एखाद्या दिवशी शिक्षक प्रत्यक्षात नसतो आणि वहीतही काही नसते. शिक्षकांच्या गैरहजेरीवर शिक्षणाधिकाऱ्यांसाठी धोरण-टिपण लिहायचे तर सुरुवात या वहीपासून करावी. कारण वर्गातल्या मुलाला गुरुजी नाहीत एवढेच दिसते. अधिकाऱ्याला मात्र ते का नाहीत हे कळायला हवे, कारण प्रत्येक ‘का’वरचा उपाय वेगळा आहे.

या विषयावर भारतात सर्वाधिक सांगितला जाणारा आकडा पंचवीस टक्क्यांचा आहे. मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२-०३च्या सुमारास वीस राज्यांतल्या सुमारे ३,७०० शाळांना आगाऊ न कळवता भेटी दिल्या. सरकारी प्राथमिक शाळांतले चारातला एक शिक्षक त्या वेळी शाळेत नव्हता आणि जेमतेम निम्मे प्रत्यक्ष शिकवताना आढळले. झारखंडात गैरहजेरी ४२ टक्क्यांच्या घरात होती. महाराष्ट्रात ती १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी होती. याच अभ्यासातला एक तपशील मला त्या पंचवीस टक्क्यांहून महत्त्वाचा वाटतो. सुमारे तीन हजार सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा वारंवार गैरहजेरीसाठी शिक्षकाला कामावरून काढल्याचे उदाहरण फक्त एका शाळेत निघाले.

यावरून ‘शिक्षक कामचुकार आहेत’ असा निष्कर्ष वर्तमानपत्रांनी काढला आणि तो समाजात रुजला. पुढे २०१७ साली अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांतल्या ६१९ शाळांत मोजणी केली आणि न दिसलेल्या प्रत्येक शिक्षकाचे कारणही नोंदवले. शाळेत नसलेले शिक्षक साडेअठरा टक्के निघाले. त्यात कोणतेही वैध कारण नसलेले, ज्याला आपण दांडी म्हणतो ते, होते अडीच टक्के. बाकीचे मंजूर रजेवर होते किंवा सरकारनेच दिलेल्या दुसऱ्या कामावर होते.

हे दोन अभ्यास परस्परविरोधी आहेत असे काही जण मांडतात. मला तसे वाटत नाही. पहिल्याने मुलाच्या बाजूने मोजले, दुसऱ्याने शिक्षकाच्या बाजूने. मंजूर रजेला थोडा संशयाचा फायदाही मिळतो, हे मान्य करायला हवे. तारीख न टाकलेला रजेचा अर्ज कपाटात ठेवायचा, तपासणीला कोणी आले तर त्यावर तारीख घालायची आणि कोणी आले नाही तर दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही करायची, ही युक्ती खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही साडेअठरा आणि अडीच यांच्यातली दरी एवढ्याने भरून निघत नाही.

ही दरी सर्वांत जास्त जाणवते ती द्विशिक्षकी शाळेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साठ पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात आणि वर्षाचे किमान २०० दिवस शाळा चालायला हवी. आता एक हिशेब मांडून पाहू. प्रत्येक शिक्षक १८ टक्के दिवस बाहेर आहे असे धरले, तर त्याचे ३६ दिवस गेले. दोघांचे दिवस वेगवेगळे असतील तर ७२ दिवस ती शाळा एकाच शिक्षकावर चालते, म्हणजे वर्षाचा एक तृतीयांशाहून अधिक काळ. त्या दिवशी एकटा माणूस पाच इयत्ता सांभाळतो, खिचडीचे धान्य मोजून देतो, फोनवर माहिती पाठवतो. मुले एका खोलीत बसतात आणि पाढे म्हणतात. दहा शिक्षकांच्या शाळेत तेवढ्याच टक्क्यांची झळ निम्मीही लागत नाही. म्हणून जिल्ह्याची सरासरी टक्केवारी हा अधिकाऱ्याच्या फारसा उपयोगाचा आकडा नाही. ‘किती शाळा आज एका शिक्षकावर आहेत’ हा आकडा त्याच्या टेबलावर रोज यायला हवा.

मग उपाय काय? पहिली सूचना हमखास यंत्राची येते: बायोमेट्रिक, फोटो, ॲप. तिच्यामागे खरा आणि गाजलेला पुरावा आहे, पण तो नीट वाचला जात नाही. २००३ साली उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी अनौपचारिक शाळांत एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांनी एक प्रयोग केला. निम्म्या शाळांना कॅमेरे दिले. तारीख-वेळ बदलता येणार नाही अशी त्यांत सोय होती. शाळा भरताना आणि सुटताना एका विद्यार्थ्याने शिक्षक आणि मुलांचा फोटो काढायचा. दोन फोटोंत किमान पाच तासांचे अंतर आणि किमान आठ मुले असली तर तो दिवस धरायचा. पगारही त्यालाच जोडला: महिन्याला किमान ५०० रुपये आणि दहा दिवसांपुढच्या प्रत्येक वैध दिवसाचे ५० रुपये. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांच्या चाचण्यांतले गुणही सुधारले.

त्याच उदयपूर जिल्ह्यात सरकारी उपकेंद्रांतल्या परिचारिकांवर असाच प्रयोग झाला. वेळ नोंदवणारी यंत्रे बसवली, पगारकपातीचा नियम झाला. पहिले काही महिने हजेरी सुधारली. नंतर आरोग्य खात्यातले वरिष्ठ ‘बैठक होती’, ‘सर्वेक्षण होते’ म्हणून दिवसांना सूट देऊ लागले आणि सोळा महिन्यांत यंत्र असलेली व नसलेली केंद्रे सारखीच झाली. यंत्रे पहिल्या प्रयोगातही होती आणि दुसऱ्यातही. फरक एवढाच, की पहिल्या ठिकाणी नियमाला अपवाद करण्याचा अधिकार कोणाकडे नव्हता.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार रोजच्या फोटोला जोडणे सेवाशर्तींत बसणारे नाही. त्यामुळे उदयपूरचा कॅमेरा आणून उदयपूरचा निकाल येणार नाही. नेटवर्क नसलेल्या वाडीवर शिक्षक अंगठा लागावा म्हणून टेकडीवर जाऊन उभा राहतो आणि तेवढा वेळ वर्गातून जातो, हे उलट नुकसानच.

मी अधिकाऱ्यांपुढे ठेवेन ते पर्याय साधे आहेत. सर्वांत आधी मोजणी. एका केंद्रात बारा शाळा आणि चाळीस शिक्षक आहेत असे समजू. महिन्यातून तीन वेळा, आठवड्याच्या वेगवेगळ्या वारी, केंद्रप्रमुखाने न कळवता प्रत्येक शाळेत जायचे. हजेरीपट नंतर बघायचा, आधी माणसे मोजायची. रिक्त पद आणि प्रतिनियुक्तीवर गेलेला शिक्षक वेगळ्या रकान्यात लिहायचे, नाहीतर सगळा हिशेब गढूळ होतो. १२० नोंदींपैकी २२ वेळा शिक्षक दिसला नाही आणि त्यात समजा दहा रजा, नऊ शासकीय कामे, तीन विनाकारण. या तीनांसाठी तिन्ही वेळा तेच नाव आले का, एवढे पाहायचे. आले तर नोटीस, विनावेतन दिवस आणि पुढची कारवाई, सारे ठरलेल्या मुदतीत आणि कोणाचा फोन आला तरी न थांबवता. माणसे थोडी असतात, म्हणून हे शक्य आहे.

खरा फायदा नऊ शासकीय कामांत आहे, कारण ती कामे कार्यालयच देते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. निवडणुकीच्या कामाबाबतही शिक्षकांना शक्यतो सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर जुंपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले आहे. शिक्षणाधिकारी तहसीलदाराला आदेश देऊ शकत नाही, हे खरे. पण स्वतःच्या खात्याच्या बैठका शाळा सुटल्यावर घेणे, एकच माहिती तीन वेगळ्या तक्त्यांत न मागणे आणि द्विशिक्षकी शाळेतले दोघे एकाच दिवशी प्रशिक्षणाला बोलावायचे नाहीत असा लेखी आदेश काढणे त्याच्या हातात आहे. याला एक रुपयाही लागत नाही.

रजेला उपाय नाही. ती शिक्षकाचा हक्क आहे आणि माणूस आजारी पडतोच. तिथे केंद्राला एक फिरता शिक्षक हवा, जो त्या दिवशी एकट्या पडलेल्या शाळेत जाईल. हा खर्चाचा पर्याय आहे. सरसकट जास्त शिक्षक नेमण्यापेक्षा तपासणी वाढवणे शिकवण्याच्या वेळेसाठी दहापटीहून स्वस्त पडते, असा मुरलीधरन आणि सहकाऱ्यांचा २०१७चा अंदाज आहे आणि तो मला पटतो. मात्र दोन शिक्षकांच्या शाळेत तपासणीने रजेवरचा माणूस परत येत नाही. म्हणून फिरता शिक्षक सगळीकडे नको. जिथे अशा शाळा जास्त, त्या डोंगराळ केंद्रांपासून सुरू करावे. आणि न कळवता भेट द्यायची तर केंद्रप्रमुख हवा. ते पद रिकामे ठेवून किंवा एखाद्या शिक्षकाकडेच प्रभार देऊन तपासणीची अपेक्षा करणे म्हणजे आणखी एक वर्ग गुरुजींविना ठेवणे आहे.

पालकांनाही एक सांगायचे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शिक्षक नियमित येतात का ते पाहणे आणि त्यांच्यावर अशैक्षणिक कामांचा बोजा पडत नाही ना तेही पाहणे, अशी दोन्ही कामे शिक्षण हक्क कायद्याच्या नमुना नियमांनी समितीला दिलेली आहेत. पुढच्या बैठकीत हजेरीपटासोबत हालचाल रजिस्टरही मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.