मापात बसणे आणि मान्य होणे

कंट्रोल क्वालिटी आणि व्हॅलिडेट स्कोप या प्रकल्प व्यवस्थापनातल्या दोन प्रक्रिया आहेत. पीएमपी परीक्षेची तयारी करणाऱ्यांची गल्लत या जोडीत हमखास होते. परीक्षा घेणाऱ्या पीएमआय या अमेरिकी संस्थेच्या ‘पीएमबीओके गाइड’ची सहावी आवृत्ती 2017 साली आली. तिच्यातल्या 49 प्रक्रियांपैकी या दोन्ही देखरेख आणि नियंत्रणाच्या गटात मोडतात. पहिली गुणवत्तेच्या प्रकरणात येते, दुसरी व्याप्तीच्या. गोंधळाचे कारण उघड आहे. दोन्हींत तयार झालेली वस्तू समोर ठेवून बघितली जाते आणि दोन्हींच्या साधनांच्या यादीत ‘इन्स्पेक्शन’, म्हणजे तपासणी, हे एकच नाव असते. त्यामुळे प्रश्नात तपासणी हा शब्द दिसला, एवढ्यावरून उत्तर ठरत नाही. कोण तपासतो, कशाशी ताडून तपासतो आणि तपासणीनंतर हातात काय उरते, या तीन गोष्टींवरून ते ठरते.

कंट्रोल क्वालिटी हे प्रकल्पाच्या आतल्या माणसांचे काम. काम करणारी तुकडी किंवा तिचा गुणवत्ता विभाग तयार वस्तू ठरलेल्या मोजमापांशी ताडतो. मोजमापे, सहनमर्यादा, चाचणीची पद्धत हे सगळे आधीच लिहिलेले असते. यादी हाती घेऊन एकेक बाब तपासणे, नमुने काढून मोजणे, चाचणी घेणे, नियंत्रण आलेख मांडणे ही त्याची नेहमीची साधने आहेत. वस्तू उतरली नाही, तर दुरुस्तीसाठी बदलाची विनंती निघते, दुरुस्ती होते आणि वस्तू पुन्हा याच तपासणीतून जाते. उतरली, की तिला ‘व्हेरिफाइड डिलिव्हरेबल’ म्हणतात. प्रकल्पाच्या बाजूने ती आता बिनचूक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

व्हॅलिडेट स्कोपची सुरुवात इथून होते. बिनचूक ठरलेली वस्तू ग्राहकापुढे किंवा प्रायोजकापुढे ठेवली जाते. तो ती आपल्या लिखित गरजांशी, स्वीकृतीच्या ठरलेल्या निकषांशी आणि व्याप्तीच्या मंजूर आराखड्याशी ताडून पाहतो. निर्णय घेणारे अनेक असतील, तर मतदानासारखी निर्णयपद्धतही वापरली जाते. पसंत पडल्यावर सही होते आणि ‘ॲक्सेप्टेड डिलिव्हरेबल’ तयार होते, तेच पुढे प्रकल्प किंवा टप्पा बंद करण्याच्या प्रक्रियेत जाते. पसंत न पडल्यास नकाराचे कारण लेखी नोंदवले जाते आणि बदलाची विनंती निघू शकते. तोंडी ‘छान झालंय’ याला इथे किंमत नाही, स्वीकृती रीतसर आणि कागदावर हवी.

शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेचे काम घेतले, तर फरक नीट दिसतो. समजा, एका शिक्षणसंस्थेने ठेकेदाराला ग्रॅनाइटचे 12 ओटे बांधायला दिले आहेत. मंजूर नकाशात ओट्याची उंची 900 मिलिमीटर आहे आणि 5 मिलिमीटर कमी-जास्त चालेल, असे लिहिले आहे. ओट्याला बेसिनकडे उतार हवा आणि पाणी साचायला नको, हीही अट आहे. ओटे झाल्यावर ठेकेदाराचा साइट इंजिनिअर टेप घेऊन प्रत्येक ओटा मोजतो. दोन ओटे चुकलेले निघतात, एक 912 मिलिमीटर आणि दुसरा 889. तिसऱ्या एका ओट्यावर पाणी ओतले, तर कोपऱ्यात डबके राहते. तिन्हींची नोंद होते, दुरुस्तीचा कागद निघतो, गवंडी काम सुधारतो आणि इंजिनिअर पुन्हा मोजतो, पुन्हा पाणी ओततो. आता बाराही ओटे मर्यादेत आहेत. इथपर्यंतचे सारे कंट्रोल क्वालिटी. संस्थेचा एकही माणूस यात आलेला नाही.

त्यानंतर मुख्याध्यापक, विज्ञानाच्या शिक्षिका आणि संस्थेचे प्रतिनिधी ओटे बघायला येतात. शिक्षिकेच्या दोन हरकती आहेत. पहिली अशी, की पाचवीतल्या मुलांना हा ओटा उंच पडतो. गरजांच्या मूळ यादीत ‘पाचवीपासूनच्या मुलांना उभ्याने प्रयोग करता यावेत’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. नकाशा काढताना ही ओळ सुटली आणि मोठ्यांच्या सोयीची उंची पडली. इंजिनिअरची मापे तंतोतंत बरोबर होती, तरीही ग्राहकाची लिखित गरज पुरी झालेली नाही. संस्था हे ओटे नाकारू शकते. नकाराचे कारण नोंदवून बदलाची विनंती निघेल, मग काही ओटे ठेंगणे करायचे की पायऱ्या बसवायच्या, हे ठरेल.

दुसरी हरकत अशी, की शिक्षकाच्या ओट्यावर तिरपा आरसा हवा, म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलांनाही प्रयोग दिसेल. मागणी रास्त आहे, पण ती गरजांच्या यादीतही नाही आणि नकाशातही नाही. ही नवी मागणी झाली. तिच्यासाठी बदलाची वेगळी विनंती द्यायची, तिचा खर्चावर आणि मुदतीवर काय परिणाम होईल ते पाहायचे आणि मंजुरी मिळाली तर ती करायची. ठरल्याप्रमाणे झालेला ओटा नाकारायला मात्र आरसा हे कारण पुरेसे नाही. दोन्ही हरकती एकाच फेरीत आणि एकाच व्यक्तीच्या तोंडून आल्या, तरी एक करारातल्या उणिवेची आहे आणि दुसरी कराराबाहेरच्या इच्छेची.

क्रमाचा नियमही या उदाहरणातून समजतो. साधारणपणे कंट्रोल क्वालिटी आधी आणि व्हॅलिडेट स्कोप नंतर. आतली तपासणी न करता वस्तू ग्राहकापुढे नेली, तर 912 मिलिमीटरचा ओटा शिक्षिकाच मोजून दाखवते आणि ठेकेदाराची पत जाते. मात्र या दोन प्रक्रिया समांतरही चालू शकतात. पहिले चार ओटे संस्था बघत असताना पुढच्या चारांची मोजणी चालू असणे चुकीचे नाही. त्या-त्या ओट्यापुरता क्रम पाळला गेला, की झाले. स्वीकृतीही सगळे काम संपेपर्यंत थांबवायची नसते. प्रत्येक टप्प्याला ती घेतली, तर उंचीची चूक चौथ्या ओट्यालाच कळते, बाराव्यापर्यंत वाट पाहावी लागत नाही.

परीक्षेतल्या प्रश्नांत प्रक्रियेचे नाव क्वचितच थेट विचारले जाते. प्रसंग दिला जातो आणि ‘व्यवस्थापकाने आता काय करावे’ असे विचारले जाते. त्यामुळे आधी प्रसंग नेमका कुठवर आला आहे, ते ओळखावे लागते. ‘तुकडीने काम पूर्ण केले, अजून कुणी तपासलेले नाही’ असे असेल, तर पुढची पायरी कंट्रोल क्वालिटी. ‘सर्व चाचण्या यशस्वी झाल्या, गुणवत्ता विभागाने हिरवा कंदील दिला’ असे असेल, तर पुढची पायरी ग्राहकाची रीतसर स्वीकृती. इथे ‘प्रकल्प बंद करा’ हा पर्याय मोहात पाडतो, पण ॲक्सेप्टेड डिलिव्हरेबल हाती आल्याशिवाय बंद करण्याकडे जाता येत नाही. ‘ग्राहकाने सही केली’ असे लिहिले असेल, तर मात्र तोच पर्याय बरोबर ठरतो.

दुसरा नेहमीचा प्रसंग नकाराचा. प्रात्यक्षिकात ग्राहक वस्तू घ्यायला नकार देतो, तेव्हा पहिले पाऊल कोणते? लगेच दुरुस्तीला लागणे, वरिष्ठांकडे तक्रार नेणे, ग्राहकाला करार दाखवून वाद घालणे हे सगळे पर्याय घाईचे आहेत. नकाराचे कारण समजून घेऊन ते नोंदवणे आणि गरजांची कागदपत्रे व स्वीकृतीचे निकष उघडून बघणे हे आधी येते. हरकत उंचीच्या जातीची आहे की आरशाच्या, हे तिथेच कळते आणि पुढचा मार्ग त्यावर ठरतो. दोन्ही मार्गांत काम बदलण्याआधी बदलाची विनंती असते, परस्पर केलेला बदल परीक्षेत कधीच बरोबर उत्तर नसतो.

तिसऱ्या प्रकारात प्रश्न मागे वळून पाहतो. ग्राहकाला प्रात्यक्षिकात साधे दोष सापडतात, म्हणजे बटण चालत नाही, माप चुकले आहे, रंग उडाला आहे. कुठे कमी पडले, असे विचारले, तर उत्तर कंट्रोल क्वालिटी, कारण असे दोष आतच पकडले जायला हवे होते. उलट, दोष एकही नाही आणि तरी ग्राहक म्हणतो की हे आम्ही मागितलेच नव्हते, तर गरजा गोळा करताना किंवा त्यांचा माग ठेवताना कमी पडले आणि ते व्हॅलिडेट स्कोपमध्ये उघडकीस आले. अनेक प्रकल्पांत एकामागून एक वस्तूंत तोच दोष निघत असेल आणि पद्धतच तपासायची असेल, तर रोख तिसऱ्याच प्रक्रियेकडे, मॅनेज क्वालिटीकडे असतो. तिथे तयार वस्तूऐवजी काम करण्याची पद्धत पाहिली जाते.

जुने प्रश्नसंच वापरणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. 2013 च्या पाचव्या आवृत्तीपूर्वी व्हॅलिडेट स्कोपचे नाव व्हेरिफाय स्कोप होते. आता मात्र ‘व्हेरिफाइड’ हे विशेषण कंट्रोल क्वालिटीतून बाहेर पडणाऱ्या वस्तूला लागते. जुन्या संचात व्हेरिफाय स्कोप दिसले, तर ते ग्राहकाच्या स्वीकृतीविषयी आहे, असे धरून वाचावे.

टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या ॲजाइल कामातही हीच विभागणी टिकते, फक्त ती दर फेरीत घडते. काम ‘झाले’ म्हणायला तुकडीने ठरवलेल्या अटी पुऱ्या झाल्या का, हे बघणे कंट्रोल क्वालिटीच्या बाजूचे, तर स्प्रिंट रिव्ह्यूत संबंधितांपुढे काम ठेवून त्यांचे म्हणणे घेणे व्हॅलिडेट स्कोपच्या बाजूचे. प्रश्नात तुकडी एकटीच चाचणी घेताना दिसली, तर पहिली बाजू. ग्राहक किंवा त्याच्या वतीने बोलणारा प्रॉडक्ट ओनर निर्णय देताना दिसला, तर दुसरी.

प्रकल्प मध्येच रद्द झाला, तरी स्वीकृतीचा प्रश्न संपत नाही. रद्द होईपर्यंत किती काम झाले आणि त्यातले किती ग्राहकाने मान्य केले, हे ठरवून नोंदवावे लागते. बारापैकी सात ओटे झालेले असताना काम थांबले, तर त्या सातांची मापे इंजिनिअरच्या वहीत असतील, पण त्यांतले किती ओटे संस्थेने घेतले, हे सहीच्या कागदावरूनच कळेल, आणि शेवटचा हिशेब त्याच कागदावर होईल.