फोटोत नंतर माळलेला गजरा चिकटवल्यासारखा का दिसतो?

समजा, पातूरच्या रेणुकामाता टेकडीवर संध्याकाळी काढलेल्या फोटोत अंबाड्यावर गजरा हवा आहे. अख्खी माळ तशीच वर ठेवली, की ती स्टिकर वाटते.

आधी ‘वार्प’ने माळ अंबाड्याच्या गोलाईवर वळवा. कडेकडे जाताना कळ्या अरुंद आणि दाट दिसायला हव्यात. अंबाड्यामागे जाणारा भाग मास्कने झाका आणि दोन-चार मोकळ्या बटा फुलांवर येऊ द्या.

सावलीसाठी माळेखाली ‘मल्टिप्लाय’ लेयर घ्या. रंग काळा नको, केसांचाच गडद तपकिरी हवा. फुले केसांना टेकतात तिथे सावली बारीक, गडद. पुढे पसरट, फिकट.

शेवटी फुलांची तुलना डोळ्यांतल्या पांढऱ्याशी करा. सांजउन्हात तो पिवळसर आणि फुले मात्र पांढरीशुभ्र असतील, तर गजरा लगेच पकडला जातो.