पॉइंटनंतरचा एक आकडा

पालकहो, या चाचणीपासून आपल्या शिकवणीच्या गुणपत्रकात एक छोटा बदल दिसेल. टक्के आता पॉइंटनंतर एक आकडा ठेवून लिहिले आहेत. मागच्या वेळी जिथे ८६ असतं तिथे आता ८६.४ असू शकतं. मुलांचे गुण वाढलेले नाहीत आणि कमीही झालेले नाहीत, फक्त आता ते जास्त स्पष्ट दिसतात.

पहिलं गुणपत्रक घरी गेलं आणि दुसऱ्याच दिवशी एक आजोबा ते हातात घेऊन आले. पेठच्या बाजारात भात-नागली विकण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे हिशेबाला पक्के. म्हणाले, "सर, नातवाला नव्वद रुपये पाच पैसे मिळाले म्हणायचे का?" कागदावर ९०.५ होतं. मी म्हटलं, "बाबा, पाच पैसे नाही, पन्नास. नव्वद रुपये आठ आणे." ते हसले. "मग असं सांगा ना, साडेनव्वद!"

आजोबांची चूक अगदी समजण्यासारखी होती. पॉइंटनंतरची पहिली जागा दहाव्या भागाची असते, म्हणून .५ म्हणजे दहातले पाच भाग, अर्धा. रुपयात दहावा भाग म्हणजे दहा पैसे, आणि तसे पाच घेतले की पन्नास. पाच पैसे लिहायचे तर .०५ लिहावं लागेल. ९५.० मधलं शून्यही उगाच नाही. त्या जागेचा हिशेब केला आणि तिथे काही उरलं नाही, असं ते सांगतं.

आता हा आकडा का हवा ते पाहू. समजा वार्षिक परीक्षा ५०० गुणांची आहे आणि पाच मुलांना ४३०, ४३१, ४३२, ४३३, ४३४ गुण पडले. त्यांचे टक्के ८६.०, ८६.२, ८६.४, ८६.६ आणि ८६.८. जुन्या पद्धतीने हे पूर्ण आकड्यात बसवले की पहिल्या तिघांना ८६ आणि शेवटच्या दोघांना ८७ मिळायचे. म्हणजे ४३० आणि ४३२ मध्ये दोन गुणांचं अंतर असून ती दोन मुलं सारखी दिसायची, आणि ४३२ आणि ४३३ मध्ये एकाच गुणाचं अंतर असून कागदावर पुरा एक टक्का वाढायचा. घरात मात्र त्या एका टक्क्यावरून बोलणी बसायची. पॉइंटनंतर एक आकडा आला आणि पाचही जण आपापल्या जागी दिसू लागले. एकूण गुण १००० पर्यंत असतील तोवर हा एक आकडा प्रत्येक गुण वेगळा दाखवायला पुरतो.

यात एक गंमत आहे, घरी करून पाहा. आपल्या बोर्डाच्या दहावीला चांगल्या पाच विषयांचे ५०० पैकी गुण धरून टक्के काढतात. ५०० मधला एक गुण म्हणजे ०.२ टक्का. ओळखीच्या कुणाचीही अशी गुणपत्रिका काढा, पॉइंटनंतरचा पहिला आकडा ०, २, ४, ६ किंवा ८ असेल. ९१.४ मिळेल, ९१.६ मिळेल, पण ९१.५ कुणालाच मिळणार नाही. बोर्ड दोन आकडे छापतं, तरी दुसरा आकडा शून्यच असतो. टक्क्यांचा हा जिना ०.२ च्या पायऱ्यांचा आहे आणि मधल्या हवेत कुणाला उभं राहता येत नाही.

प्रत्येक पेपरचा जिना वेगळा असतो, आणि आकडा वाचताना तेच विसरायला होतं. आपली घटक चाचणी ४० गुणांची आहे, म्हणजे तिथे एक पायरी २.५ टक्क्यांची. ३७ गुणांना ९२.५ आणि ३८ गुणांना ९५.०. एकाला ९२.५ आणि शेजारच्याला ९५.० पाहून "अडीच टक्क्यांनी मागे पडलास" असं म्हणू नका. तो एका गुणाने मागे आहे. कदाचित उत्तरात एकक लिहायचं राहिलं असेल, तेवढंच.

३० गुणांच्या पेपरची तर आणखी वेगळी कथा. १० गुण म्हणजे बरोबर एक तृतीयांश. भागाकार करायला बसलात तर ३३.३३३ असे तीन संपतच नाहीत. आपण ३३.३ लिहून थांबतो. आता अशा तीन चाचण्यांत प्रत्येकी १० गुण मिळवणाऱ्या मुलाचे टक्के एकत्र केले तर ९९.९ होतात. ०.१ कुठे गेलं? कुणी खाल्लं नाही, थांबताना आपणच ते सोडून दिलं. २० गुणांना उलट होतं. ६६.६६६ मध्ये सोडायचा पुढचा आकडा पाच किंवा जास्त आहे, म्हणून आपण ६६.७ लिहितो, म्हणजे थोडं जास्त देतो.

इथे पुन्हा ते आजोबा आठवतात. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत्या. रुपया तिघांत वाटायचा तर प्रत्येकाला ५ आणे ४ पै, आणि शेवटी एक पैही उरत नाही. शंभराचे तीन सारखे भाग पडत नाहीत, पण १९२ चे पडतात. आजच्या दशांशाला जमत नाही ते त्या जुन्या रुपयाला सहज जमायचं. म्हणूनच 'सोळा आणे खरं' ही म्हण आकड्यांतही तितकीच खरी.

शेवटी एक सावधगिरी. दोन टक्क्यांची सरासरी काढून मुलाचा निकाल ठरवू नका. २० गुणांच्या चाचणीत १८ पडले तर ९०.० टक्के. ८० गुणांच्या लेखी परीक्षेत ४४ पडले तर ५५.० टक्के. दोन्ही मिळवून दोनाने भागलं की ७२.५ येतं आणि आपण खूश होतो. पण मुलाने खरं तर १०० पैकी ६२ गुण मिळवले आहेत, म्हणजे ६२.०. फरक साडेदहा टक्क्यांचा! छोट्या पेपरचा शेकडा मोठ्याच्या बरोबरीने तोलला म्हणून हे झालं.

म्हणून गुणपत्रकात प्रत्येक टक्क्याच्या डावीकडे मिळालेले गुण आणि एकूण गुण लिहिले आहेत. वाचताना आधी ते दोन आकडे पाहा, टक्के मग पाहा. बेरीज करायची असेल तर गुणांची करा, टक्क्यांची नको.